सावकाश वाचणाऱ्या मुलाचे टिपण

परीक्षा जवळ आली, की 'धडा दोनदा वाचून काढ' असे आपण मुलांना सांगतो. पण हे सांगताना ते मूल किती वेगाने वाचते, हे आपण क्वचितच पाहतो. शिक्षकबंधुभगिनींनो, एकदा घड्याळ लावून पाहा. मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते मोजा. समजा, पन्नास झाले. धडा पाच पानांचा आणि पानावर अडीचशे शब्द, म्हणजे सगळे मिळून साडेबाराशे. एकदा वाचायलाच पंचवीस मिनिटे गेली! शाळेतून आल्यावर गुरांची वैरण, पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे हे ज्याच्या वाट्याला आहे, त्याला दिव्याखाली अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. त्या अर्ध्या तासात त्याचा एकच धडा होणार. अशा मुलासाठी टिपण कसे करावे, ते एका उदाहरणाने पाहू.

भूगोलाच्या पुस्तकात पुढच्यासारखे वाक्य हमखास भेटते :

'नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त मोसमी वारे सह्याद्रीच्या रांगांमुळे अडविले जाऊन ऊर्ध्व दिशेने जातात व वर चढताना हवा प्रसरण पावून थंड झाल्यामुळे बाष्पाचे सांद्रीभवन होऊन पश्चिम उतारावर विपुल पर्जन्यवृष्टी होते, तर पूर्व उतारावरून खाली येणारी हवा तापत असल्याने तो प्रदेश पर्जन्यछायेत राहतो.'

वाक्यात चूक काही नाही. पण हे चाळीसएक शब्दांचे आहे. सावकाश वाचणाऱ्याची सारी शक्ती 'सांद्रीभवन', 'पर्जन्यवृष्टी' अशी जोडाक्षरे उलगडण्यात खर्च होते, आणि वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत आरंभीचे वारे त्याच्या हातून निसटलेले असतात. आता याच मजकुराचे टिपण पाहा :

पश्चिमेला पाऊस जास्त का?

समुद्रावरून वारे येतात. त्यांत बाष्प असते.

सह्याद्री त्यांना अडवतो. वारे वर चढतात.

वर चढलेली हवा पसरते व थंड होते.

म्हणून बाष्पाचे पाणी होते. याला सांद्रीभवन म्हणतात.

म्हणून पश्चिम उतारावर पुष्कळ पाऊस पडतो.

पूर्वेला पाऊस कमी का?

वारे पूर्वेकडे खाली उतरतात.

उतरणारी हवा दाबली जाते व तापते.

म्हणून बाष्पाचे पाणी होत नाही. पाऊस कमी पडतो.

याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

उदाहरण : सातारा जिल्हा

महाबळेश्वर : वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक.

माण तालुका : वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर.

आता कोणी म्हणेल, 'अहो, हे तर मूळ वाक्याहून लांबले!' खरे आहे. शब्द साठाच्या वर गेले. टिपण आखूड करायचे म्हणजे वाक्यातले शब्द उपटून काढायचे, अशी आपली समजूत असते. पण बचत होते ती धड्यातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे यात. पाच पानांच्या धड्यात अशा गाठी तीन, फार तर चार असतात. तीन गाठींची तीन टिपणे केली, तर सगळे मिळून दोनशे शब्द होतात. आपल्या मुलाला ती वाचायला चार मिनिटे लागतील. पंचवीसच्या जागी चार!

मथळा प्रश्नाचा का ठेवला, हेही सांगतो. 'प्रतिरोध पर्जन्य' असा मथळा दिला, तर तो नुसता वाचून पुढे जाता येते. 'पाऊस जास्त का?' असे विचारले, की मूल खालचा मजकूर हाताने झाकून उत्तर देऊन पाहू शकते. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवले. वेळ थोडा असेल, तर दुसरे वाचन सोडून झाकून आठवणे अधिक लाभाचे, ते यामुळे.

मोकळ्या जागेविषयी आपण फार कंजूष असतो. कागद महाग, म्हणून दोन्ही बाजूंनी गच्च लिहायची सवय. पण आपली देवनागरी लिपी शिरोरेषेच्या वरही जाते आणि अक्षराच्या खालीही उतरते. ओळी चिकटून आल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि कच्च्या वाचकाची नजर ओळ सोडून भलतीकडेच जाते. म्हणून आखलेल्या वहीत एक ओळ सोडून लिहावे, प्रत्येक गोष्ट नव्या ओळीवर घ्यावी, आणि ओळीच्या टोकाला शब्द तोडू नये. एका पानावर एकच गाठ. कागद वाचवायचाच, तर पाठकोरे कागद घ्या; ओळींमधली जागा मात्र वाचवू नका.

अशा टिपणात चूक होते ती बहुधा एकाच ठिकाणी. शिक्षक घाईत फळ्यावर लिहितात : 'वारे – बाष्प – सह्याद्री – थंड – पाऊस.' ज्याने धडा समजून घेतला आहे, त्याला एवढे पुरते. सावकाश वाचणाऱ्याच्या हाती मात्र पाच सुटे मणी येतात, दोरा येत नाही. तो दोरा म्हणजे 'अडवतो', 'चढतात', 'म्हणून' हे शब्द. ते कधी गाळू नयेत. दोरा आहे की नाही, हे ओळखायचे कसे? मुलाला टिपण वाचायला द्या, कागद काढून घ्या आणि विचारा, 'वारे वर चढले, मग काय झालं रे? आणि का झालं?' 'मग काय' याला उत्तर आले आणि 'का' याला आले नाही, तर टिपणात त्या जागी 'म्हणून' राहून गेले आहे, असे समजा आणि ती ओळ पुन्हा लिहा.

'सांद्रीभवन' हा शब्द आपण टाकला नाही, हेही लक्षात आले असेल. परीक्षेच्या कागदावर तो येणारच. पण आधी 'बाष्पाचे पाणी होते' ही ओळखीची गोष्ट, आणि मग तिचे नाव. नाव आधी आले, तर मूल तिथेच अडखळते.

या रीतीला मर्यादा आहेत. गणित टिपणाने येत नाही. तिथे सूत्र आणि एक सोडवलेले उदाहरण पानावर ठेवून बाकी हाताने सोडवलीच पाहिजेत. भाषेच्या धड्याचे असे टिपण केले, तर धड्याची गोडीच जाते. आणि धडा वर्गात एकदा समजावून झाल्यावरच टिपण द्यावे. जे कधी समजलेच नाही, ते टिपणाने आठवायचे तरी कसे?

उद्या वर्गात एकाच धड्यातली एकच गाठ घ्या. टिपण फळ्यावर एक ओळ सोडून लिहा आणि वर्गातल्या सर्वांत सावकाश वाचणाऱ्या मुलाला ते मोठ्याने वाचू द्या. तो जिथे थांबेल, तिथली ओळ लांब झाली आहे. ती तिथेच तोडा.