उचकी थांबत नसेल, तर कमरख खाल्लं का ते विचारा

डायलिसिसवर असलेल्या माणसाला अचानक उचकी लागते. पाणी, साखर सगळं करून झालं तरी ती थांबत नाही. घरच्यांना वाटतं, अपचन असेल. अशा वेळी पहिला प्रश्न हवा: गेल्या दिवसभरात कमरख खाल्लं का? कोकणात यालाच करमळ म्हणतात, बाजारात स्टारफ्रूट.

या फळात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी ते वेगळं काढून २०१३ साली जाहीर केलं. मेंदूतल्या पेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटच्या जागी ते जाऊन बसतं आणि पेशी गरजेपेक्षा जास्त चेतवतं. निरोगी मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून बहुतेकांना अधूनमधून एखादं फळ खाऊन काही होत नाही. मूत्रपिंडं निकामी असली की ते रक्तात साठून मेंदूपर्यंत पोचतं. काही रुग्णांना एका फळानेही विषबाधा झाली आहे.

लक्षणं साधारण काही तासांत दिसू लागतात. आधी उचकी आणि उलट्या, मग हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, झोप उडणं, असंबद्ध बोलणं. इथपर्यंत रुग्ण दवाखान्यात पोचला तर बहुधा वाचतो. फिट्स येऊ लागल्या, तर त्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत आणि जिवावर बेततं. उपाय म्हणजे तातडीचं हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करणं. पोटातून केलं जाणारं डायलिसिस इथे पुरं पडत नाही. एकदा बरं वाटलं तरी विष पेशींतून पुन्हा रक्तात उतरतं, लक्षणं परततात, म्हणून डायलिसिस लागोपाठ काही दिवस करावं लागतं.

रस जास्त घातक, कारण मोठ्या ग्लासात चार-पाच फळं सहज जातात आणि ती एका दमात पोटात पोचतात. शिवाय कमरखात, विशेषतः आंबट जातीत, ऑक्झलेट भरपूर असतं. जेवणातलं कॅल्शियम त्यातलं बरंचसं पोटातच बांधून ठेवतं. उपाशीपोटी रस घेतला की ही अडवणूक उरत नाही. मूत्रपिंडाच्या नलिकांत ऑक्झलेटचे स्फटिक अडकतात आणि चांगली चालणारी मूत्रपिंडंही बंद पडू शकतात. २००१ साली तैवानच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण नोंदवले. आंबट कमरखाचा रस एकाने सुमारे दीड लिटर प्यायला होता, दुसऱ्याने तीन लिटर.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती मधुमेहींची. साखर उतरते म्हणून सकाळी अनशापोटी हा रस घेणारे लोक आहेत, आणि मधुमेहात मूत्रपिंडं दुखल्याशिवाय बिघडतात. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासल्याशिवाय ते कळत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर एक फोडही नको.