बसण्याच्या जागेची बधिरता

कंबरेत उसण भरणे ही जुन्नर-आंबेगावच्या कष्टकरी माणसाला नवलाची गोष्ट नाही. कांद्याच्या हंगामात बेल्ह्यापासून आळेफाट्यापर्यंत गोण्या उचलणारा हमाल, वाफ्यात दिवसभर वाकून लावणी करणारी शेतकरीण आणि ट्रॅक्टरच्या आसनावर हिसके सोसणारा चालक या सर्वांना ती केव्हा ना केव्हा गाठतेच. आणि चार दिवसांची विश्रांती, शेक आणि एखादी वेदनाशामक गोळी एवढ्या इलाजाने बहुतेकांची कंबर पुन्हा ताळ्यावर येते, हेही खरेच. परंतु या कंबरदुखीचा एक विरळा प्रकार असा आहे की त्यात वेदना किती आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. बसण्याची जागा बधिर होणे, पायांतील बळ कमी होणे आणि लघवीला अडणे या तीन खुणा दिसू लागल्या, म्हणजे रुग्णाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे लागते.

याचे कारण शरीररचनेत आहे. मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली केवळ मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा लोंबत राहतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला, म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात, आणि त्याच्यावर दाब येऊन उद्भवणाऱ्या या विकाराला ‘कॉडा इक्विना सिंड्रोम’. यातील काही मुळे मांड्या, पोटऱ्या आणि पावले यांकडे जातात. परंतु मध्यभागी असणारी, अगदी बारीक अशी त्रिकास्थीची दुसरी, तिसरी आणि चौथी मुळे मूत्राशय, गुदद्वार, जननेंद्रिये आणि त्यांच्या भोवतालच्या त्वचेकडे जातात. घोड्यावर बसणाऱ्याचा जो भाग खोगिराला टेकतो, तोच या मुळांच्या संवेदनेचा मुलूख होय.

दोन मणक्यांमधील गादी सरकते, तेव्हा सहसा ती एका बाजूला सरकते, एका मुळाला दाबते आणि एकाच पायात कळ उतरते. लोक म्हणतात, ‘शीर दबली’. क्वचित मात्र गादीचे वेष्टन मधोमध फाटून आतला गर मोठ्या प्रमाणावर मागे घुसतो आणि त्या अरुंद नळीतील सारी मुळे एकदमच चेपली जातात. दाब वाढला की मुळांतील बारीक शिरांमधून रक्त परतणे अवघड होते, सूज येते, सुजेने जागा आणखी आकसते आणि पोषणावाचून तंतू निकामी होऊ लागतात. गादीचा हा उपद्रव वैद्यकाला फार उशिरा उमगला. बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1929 साली अशा दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. मज्जारज्जूचे अर्बुद वाटावे अशी लक्षणे त्यांच्या ठायी होती, आणि शस्त्रक्रियेत सापडला तो गादीचा सुटलेला तुकडा.

आता एखाद्या हमालाचा प्रसंग कल्पनेने उभा करू. वय बेचाळीस, कंबरेचे दुखणे जुने. शनिवारी संध्याकाळी गोणी खांद्यावर घेताना कंबरेत कट्कन आवाज झाला आणि उजव्या पायात कळ गेली. रविवारी त्याने इंजेक्शन घेतले, कोणाकडून कंबर चोळून घेतली. सोमवारी कळ डाव्या पायातही उतरली. दोन्ही पायांत कळ येणे ही पहिली सूचना, कारण त्यावरून दाब मधोमध असावा असा संशय येतो. त्या रात्री ओट्यावर बसताना आपल्याखाली काहीच नाही असे त्याला वाटले. मंगळवारी सकाळी शौचानंतर धुताना पाण्याचा गारवा कळेना, चालताना चप्पल पायातून निसटली ती मागे राहिल्यावरच ध्यानात आली, आणि लघवीला कुंथावे लागले. याच वेळी पायांतील वेदना मात्र उतरली, म्हणून घरच्यांना वाटले, आराम पडतो आहे. वेदना नेणारा तंतूच मुका झाला की कळ थांबते. बधिरता वाढत असताना आलेला असला आराम हे दुश्चिन्ह समजावे.

लघवीच्या खुणेने तर भले भले फसतात. मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ते फुगले तरी माणूस तळमळत नाही. पुढे काठोकाठ भरल्यावर थेंब थेंब आपोआप गळू लागतो आणि घरचे म्हणतात, लघवी तर होते आहे! तरुणाला ‘उन्हाळी लागली’ आणि वृद्धाला प्रोस्टेटचा त्रास म्हणून स्वस्थ बसण्याची चूक येथेच घडते. धार बारीक होणे, लागल्याचे न कळणे, झाल्याचे न कळणे, यांपैकी एकही गोष्ट कंबरदुखीसोबत नव्याने आली, तर ती डॉक्टरांसमोर संकोच न बाळगता आपणहून सांगावी. बधिरतेबद्दल रुग्ण, विशेषतः स्त्रिया, बोलत नाहीत, आणि डॉक्टरांनीही विचारले नाही, तर निदान तेथेच अडते.

तपासणीत डॉक्टर टाचणीच्या टोकाने गुदद्वाराभोवतीची संवेदना पाहतात, त्या स्नायूची पकड बोटाने अजमावतात, रुग्णाला चवड्यांवर आणि टाचांवर उभे करतात. लघवी करवून झाल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीने कळते. दोनशे मिलिलिटरहून अधिक उरत असेल तर संशय बळावतो. कमी उरली म्हणून मात्र धोका टळला, असे मानता येत नाही, कारण आरंभी मूत्राशय कसेबसे रिकामे होत असते. साध्या क्ष-किरण चित्रात गादी आणि मज्जातंतू दिसतच नाहीत, तेथे एम.आर.आय. हवा, आणि तोही त्याच दिवशी.

बेल्ह्याहून आळेफाट्यामार्गे पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. प्रवास काही तासांचा, परंतु खरा काळ दवडला जातो तो निघण्यापूर्वी. आपल्या हमालाने मंगळवारी सकाळीच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून ससूनसारखे, एम.आर.आय. आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होणारे रुग्णालय गाठले, तर त्याच्या मूत्राशयाचे काम अजून पुरते बंद पडलेले नसेल. तो ‘उद्या बघू’ म्हणून थांबला, तर ते बंद पडलेले असेल, आणि या दोन अवस्थांत मोठे अंतर आहे. निघण्यापूर्वी फोन करून दोन्ही सोयी आहेत की नाहीत याची खातरजमा करावी, आणि कंबर चोळणे, ओढणे, मोडणे हे सर्व तत्काळ बंद करावे.

शस्त्रक्रियेत मणक्याच्या मागचे हाड थोडे काढून घुसलेला गर उचलतात, म्हणजे दाब उतरतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आत दाब काढल्यास निष्पत्ती चांगली होते, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. परंतु ही काही सरकारी मुदत नव्हे, की सत्तेचाळीसाव्या तासापर्यंत निर्धास्त राहावे. मूत्राशय पूर्ण निकामी होण्याआधी दाब काढणे हाच मुद्दा आहे. एकदा ते पूर्ण बंद पडले, तर शस्त्रक्रिया तरीही करतात, पण भरवसा उरत नाही: पायांचे बळ पुष्कळदा लवकर परतते, मूत्राशय, शौच आणि कामजीवन यांना मात्र महिने, कधी वर्षे लागतात, आणि काहींच्या बाबतीत ते पूर्ववत होतच नाहीत. अशा माणसाला दर चार ते सहा तासांनी स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याचे शिक्षण देतात, आणि ती नळी त्याला शेतावर जातानाही खिशात न्यावी लागते.