पन्नाशीची पंगत आणि आगाऊ रकमेची वही

समजा, पुण्यात पन्नाशीच्या वाढदिवसाला 60 पाहुणे जेवणार आहेत. ताट 700 रुपयांचे, म्हणजे केटररचे 42,000. हॉलचे भाडे 12,000, सजावट आणि केक मिळून 11,000. एकूण 65,000. हे दर करांसह आहेत का, हे आधीच विचारावे.

खरी मेख ताटांच्या हमीत असते. 60 ताटांची हमी दिली आणि 52 जणच आले, तरी पैसे साठांचेच द्यावे लागतात. म्हणून होकार मोजूनच आकडा सांगावा.

केटररला 10,000 आणि हॉलला 6,000 आगाऊ दिले, तर देणे उरते 49,000. हॉलची 5,000 अनामत मात्र वेगळ्या रकान्यात लिहावी. ती परत येणारी रक्कम आहे, खर्च नव्हे. प्रत्येक नोंदीपुढे तारीख लिहा आणि पावती जपून ठेवा.