दुबईच्या कंपनीला अरबीतून राजीनामा

दुबईत सहा वर्षे काढलेला एखादा मराठी इंजिनीअर राजीनाम्याचा मसुदा सहसा सरकारी थाटात लिहितो: ‘मला महिनाअखेरीस कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती.’ हे वाक्य जसेच्या तसे अरबीत नेले, तर पत्र परवानगी मागणारा अर्ज वाटते. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यात मात्र राजीनामा म्हणजे लेखी नोटीस. तिची मुदत करारानुसार 30 ते 90 दिवस असते.

म्हणून चांगला अनुवादक सुरुवातीचे ‘तहिय्या तय्यिबा’ आणि शेवटचा आदराचा मजकूर अगदी रिवाजाप्रमाणे ठेवतो. मधला भाग मात्र ठाम लिहितो. मोघम ‘महिनाअखेरीस’ काढून तो इंजिनीअरकडून दोन तारखा मागून घेतो: नोटीस दिल्याची आणि कामाच्या शेवटच्या दिवसाची.

सेवा किती झाली, हे या शेवटच्या तारखेवरून मोजतात आणि ग्रॅच्युइटीही त्यावरच ठरते. समजा, मूळ पगार 6,000 दिरहम, म्हणजे दिवसाला 200. पहिल्या पाच वर्षांचे दरवर्षी 21 दिवसांप्रमाणे 21,000, सहाव्या वर्षाचे 30 दिवसांप्रमाणे 6,000. एकूण 27,000 दिरहम. घरभाडे आणि प्रवासभत्ता यात धरत नाहीत.