मॅकनं अडवलेलं अ‍ॅप उघडावं का?

2017 च्या मे महिन्यात हँडब्रेक या मोफत अ‍ॅपच्या दोन डाउनलोड सर्व्हरपैकी एकावर कुणीतरी शिरलं आणि खऱ्या फाइलच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवून गेलं. हँडब्रेक व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतं आणि मॅक वापरणाऱ्यांत ते बरंच लोकप्रिय आहे. 2 ते 6 मे या दिवसांत ज्यांनी ते उतरवलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या मॅकमध्ये ‘प्रोटॉन’ नावाचं हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर आलं. त्यांत पॅनिक या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्हन फ्रँक हेही होते. चोरांनी त्यांच्या कंपनीच्या काही अ‍ॅप्सचा सोर्स कोड नेला आणि खंडणी मागितली. ती कंपनीनं दिली नाही.

फ्रँक यांनी हे सगळं नंतर जाहीरपणे लिहिलं. मॅकनं दिलेला इशारा आपण बहुधा विचार न करताच ओलांडला असावा, कारण आपल्याकडे विकसकांची सही नसलेली आणखीही काही अ‍ॅप्स होती, असं त्यांनी सांगितलं. मॅकसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही गत! वारंवार दिसणारा इशारा माणूस वाचतच नाही.

हा इशारा येतो कुठून? सफारी किंवा क्रोमसारखा ब्राउझर फाइल उतरवताना तिच्यावर एक अदृश्य खूण करतो. तिचं नाव com.apple.quarantine. फाइल कोणत्या अ‍ॅपनं आणि केव्हा आणली, एवढी नोंद त्या खुणेत असते. खूण असलेलं अ‍ॅप तुम्ही पहिल्यांदा उघडता, तेव्हा मॅकमधली गेटकीपर ही यंत्रणा जागी होते. 2012 सालच्या माउंटन लायनपासून ती मॅकमध्ये आहे.

गेटकीपर आधी अ‍ॅपवरची डिजिटल सही तपासतो. वर्षाला 99 डॉलर भरून अ‍ॅपलच्या विकसक योजनेत सामील झालेल्याला सहीसाठी प्रमाणपत्र मिळतं. सहीवरून दोन गोष्टी कळतात: अ‍ॅप कुणाच्या नावावर आहे, आणि सही झाल्यानंतर त्यात कुणी फेरफार केला आहे का. ते अ‍ॅप चांगलं की वाईट, हे मात्र सही सांगत नाही. 2016 मध्ये ट्रान्समिशन या अ‍ॅपच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ‘केरेंजर’ हे फाइली ओलीस ठेवणारं सॉफ्टवेअर पसरलं. त्यावर वैध प्रमाणपत्राची सही होती, म्हणून गेटकीपरनं त्याला बिनदिक्कत आत सोडलं. अ‍ॅपलनं ते प्रमाणपत्र रद्द केलं ते नंतर.

म्हणून पुढे नोटरायझेशन आलं. विकसक तयार अ‍ॅप अ‍ॅपलकडे पाठवतो, तिथे यंत्रच ते ज्ञात मालवेअरसाठी चाळतं आणि काही सापडलं नाही तर पावती देतं. 2019 च्या कॅटालिनापासून अ‍ॅप स्टोअरबाहेरच्या नव्या अ‍ॅप्सना ही पावती लागते. ही चाळणी अ‍ॅप स्टोअरच्या परीक्षणाइतकी कडक नाही. 2020 मध्ये ‘श्लेयर’ हे मालवेअर तिच्यातूनही पार झालं होतं.

आता पडद्यावरच्या शब्दांकडे वळू. अलीकडच्या मॅकवर बहुतेक वेळा दिसतं ते “Apple could not verify…” अशा वळणाचं वाक्य. त्याचा अर्थ एवढाच, की अ‍ॅपची पावती नाही. हौशी किंवा विनामोबदला काम करणारे कितीतरी विकसक दरवर्षीची फी भरत नाहीत, त्यांची प्रामाणिक अ‍ॅप्सही इथेच अडकतात. “will damage your computer” हा इशारा मात्र गंभीर आहे. तिथे मॅकला अ‍ॅप घातक म्हणून माहीत असतं किंवा त्याचं प्रमाणपत्र रद्द झालेलं असतं. 2020 मध्ये प्रमाणपत्र रद्द झाल्यामुळे एचपीच्या प्रिंटरच्या निरुपद्रवी सॉफ्टवेअरवरही हा इशारा झळकला होता. पण अशा वेळी नवी आवृत्ती घ्यावी, इशारा ओलांडू नये. तिसरं वाक्य “is damaged and can’t be opened”. फाइल खरोखर बिघडलेली असू शकते, पण बऱ्याचदा सही नसते किंवा मोडलेली असते. अ‍ॅप काढून टाकून मूळ ठिकाणावरून पुन्हा उतरवावं. तरीही तेच आलं, तर विकसकालाच विचारावं.

पहिल्या प्रकारचा इशारा ओलांडायचा असेल, तर अ‍ॅपलनं न केलेली तपासणी आधी आपण करायला हवी. हँडब्रेकच्या प्रकरणात ती कशी झाली असती, ते पाहू. डाउनलोड आरशासारख्या दुसऱ्या सर्व्हरवरून होत होतं, पण फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली अक्षरं-आकड्यांची ओळ, विकसकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला होता. उतरवलेल्या फाइलचा ठसा टर्मिनलमध्ये असा काढता येतो (फाइलचं नाव आपल्या फाइलप्रमाणे लिहावं):

```
shasum -a 256 ~/Downloads/HandBrake.dmg
```

उत्तरात आलेली ओळ आणि विकसकानं दिलेली ओळ अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. (विकसकानं वेगळ्या पद्धतीचा ठसा दिला असेल, तर 256 च्या जागी तो आकडा घालावा, उदाहरणार्थ 1.) बदललेल्या फाइलचा ठसा जुळलाच नसता. अर्थात ठसा आणि फाइल एकाच ठिकाणी असतील आणि तेच ठिकाण फोडलं गेलं असेल, तर चोर दोन्ही बदलेल.

दुसरी खूण टर्मिनलशिवाय दिसते. हँडब्रेकची ती खोटी प्रत उघडताच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागत होती, निमित्त नवे कोडेक बसवण्याचं. खरं हँडब्रेक तसं कधी मागत नसे. एरवी पासवर्ड न मागणाऱ्या अ‍ॅपनं अचानक तो मागितला, तर तिथेच थांबावं.

तपासणीनं समाधान झालं, की उघडण्याचा मार्ग सोपा आहे. अ‍ॅप एकदा उघडून पाहावं आणि इशाऱ्यातलं `Done` दाबावं. `Move to Trash` दाबलं तर अ‍ॅप थेट कचऱ्यात जाईल. मग `System Settings` मध्ये `Privacy & Security` उघडून खाली `Security` पर्यंत जावं. तिथे त्या अ‍ॅपचं नाव आणि `Open Anyway` हे बटण दिसतं. उघडण्याचा प्रयत्न केल्यावर ते साधारण तासभरच राहतं, म्हणून बटण सापडत नसेल तर आधी अ‍ॅप पुन्हा उघडून पाहावं. पुढे मॅक आणखी एकदा विचारतो आणि पासवर्ड मागतो. ही सूट त्या एकाच अ‍ॅपला मिळते. बाकीच्यांसाठी गेटकीपर जागाच राहतो, म्हणून संपूर्ण तपासणी बंद करण्याचे इंटरनेटवर मिळणारे उपाय करू नयेत.

पूर्वी कंट्रोल धरून क्लिक करून `Open` निवडलं तरी काम भागत असे. 2024 च्या सिक्वोयामध्ये अ‍ॅपलनं ती वाट बंद केली. ‘अ‍ॅटॉमिक’सारखी पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर स्वतःच्याच खिडकीत ‘राइट-क्लिक करून ओपन दाबा’ असं चित्रासह शिकवत होती, त्यामुळे ती बंद झाली हे माझ्या मते बरंच झालं. आता बरेच चोर टर्मिनलकडे वळले आहेत. एखादी ओळ कॉपी करून चिकटवा, असं ते सांगतात. त्या ओळीत सहसा `curl` असतं, आणि `curl` नं आणलेल्या फाइलवर क्वारंटाइनची खूण लागतच नाही. गेटकीपरला विचारायची वेळच येत नाही. अ‍ॅप बसवण्यासाठी कुणी अशी अनोळखी ओळ पुढे केली, तर ती चिकटवूच नये.