आकड्यांची चाल (लेखांक ६) : सोमवारचा खड्डा

एप्रिल २०२१. छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यात ६ तारखेपासून लॉकडाऊन होता आणि मरोदा सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या नव्या कोरोना रुग्णांचा आकडा वहीत उतरत होता. सगळे नातेवाईक तिकडेच. २५ एप्रिलला ६६,१९१ रुग्ण होते, २६ला ४८,७००. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. २७ला आकडा पुन्हा ६६,३५८.

२६ तारखेला सोमवार होता. रविवारी तपासण्या कमी होत आणि त्याचा खड्डा सोमवारच्या आकड्यात दिसे. मागच्या लेखात आपण तीन दिवसांची सरासरी काढली होती. ती इथे फसते. २८ तारखेला ती ५९,४५६वर उतरली आणि दुसऱ्याच दिवशी ६५,२७५वर चढली. कारण साधं आहे: तीन दिवसांच्या खिडकीत सोमवार कधी असतो, कधी नसतो. सात दिवसांच्या खिडकीत तो नेहमी एकदाच असतो. म्हणून आठवड्याची लय असलेल्या आकड्यांना ७, १४ किंवा २१ दिवसांचीच खिडकी लावावी. १० दिवसांची लावली तर एखाद्या दिवशी तिच्यात दोन सोमवार येतात.

मग २१ का नको? रेघ तर आणखी गुळगुळीत होईल. इथे सरासरी कशी सरकते ते पाहू. रोज एक आकडा आत येतो, एक बाहेर जातो. आत आलेला लहान असेल तरच सरासरी उतरते. सात दिवसांत आजची तुलना गेल्या आठवड्यातल्या याच वाराशी होते. २५ एप्रिलचे ६६,१९१ आधीच्या रविवारच्या ६८,६३१पेक्षा कमी होते, म्हणून सरासरी त्याच दिवशी वळली. २७ला ती थोडी चढली, पण २८पासून सलग उतरू लागली. २१ दिवसांच्या खिडकीत मात्र तुलना तीन आठवड्यांपूर्वीशी, म्हणजे लाट अजून चढत होती तेव्हाच्या आकड्यांशी होते. २६ला आत आले ४८,७०० आणि बाहेर गेले ५ एप्रिलचे ४७,२८८. इतका खोल सोमवार येऊनही सरासरी चढलीच! ती उतरायला लागली २ मे रोजी. लाट वळल्यावर आठवडाभर ती रेघ वर जात राहिली.

हा उशीर आधीच मोजता येतो. खिडकीतून एक वजा करून निम्मे करा: ७ला ३ दिवस, २१ला १०. म्हणून २४ एप्रिलला दिसलेलं सात दिवसांच्या सरासरीचं शिखर खरं तर २१ एप्रिलच्या आसपासचं आहे. जुन्या लाटेचा आलेख काढताना सरासरी खिडकीच्या मधल्या तारखेवर मांडावी, म्हणजे शिखर जागच्या जागी बसतं. आजच्या आकड्यांना ही सोय नाही, कारण पुढचे तीन दिवस अजून यायचे असतात.

२७ तारखेची ती छोटी चढण विसरू नका. एका दिवसाच्या उतरणीवर वळण जाहीर करू नये; मी सातपैकी निदान पाच वार गेल्या आठवड्यापेक्षा खाली येईपर्यंत थांबतो.

पुढच्या लेखापर्यंत तुमच्याकडच्या कोणत्याही रोजच्या नोंदीत आधी वार लिहा. खड्डा ठरावीक वारी पडत नसेल, तर सातचा आग्रह सोडा.