अठरा शब्दांनंतर येणारं क्रियापद

कृषी विषयात संशोधन करणाऱ्या एका मुलीचा ॲबस्ट्रॅक्ट माझ्याकडे तपासायला आला होता. विषय होता चाळीतला कांदा पावसाळ्यात का सडतो. व्याकरणाची चूक जवळजवळ नव्हती, तरी पहिलंच वाक्य अडखळवत होतं: ‘द स्टडी ऑफ द इफेक्ट ऑफ बॉटम व्हेंटिलेशन ऑन द रॉटिंग ऑफ अनियन्स स्टोअर्ड इन चाळ ड्यूरिंग मान्सून वॉज डन.’

मूळ मराठी वाक्य लगेच ओळखू येतं: ‘पावसाळ्यात चाळीत साठवलेल्या कांद्याच्या सडण्यावर खालून येणाऱ्या हवेच्या परिणामाचा अभ्यास करण्यात आला.’ मराठीत क्रियापद शेवटी येणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो निवांत थांबतो. इंग्रजी वाचणारा मात्र क्रियापद लवकर मिळावं म्हणून आसुसलेला असतो. इथे त्याला अठरा शब्द धरून ठेवावे लागतात आणि शेवटी हाती येतं ते नुसतं ‘वॉज डन’. खरं काम ‘स्टडी’ या नामात अडकून पडलंय. त्याला पुन्हा क्रियापद केलं की वाक्य सुटतं: ‘वी स्टडीड हाऊ एअर फ्रॉम बिलो अफेक्ट्स रॉट इन स्टोअर्ड अनियन्स.’

‘करण्यात आला’ मुळे येणारं कर्मणी इंग्रजीत चूक नाही. पद्धतीच्या भागात ते शोभतंही, आणि काही विषयांत तीच रीत आहे. म्हणून सरसकट ‘वी’ घालत सुटू नये. नामात अडकलेली क्रिया तेवढी सोडवावी.

‘वजन करून कांदे चाळीत ठेवले’ यात वजन कोणी केलं हे मराठीला सांगावं लागत नाही. ‘टेकिंग द वेट, द अनियन्स वेअर केप्ट’ असं लिहिलं की कांद्यांनीच वजन घेतल्यासारखं होतं. त्याऐवजी ‘वी वेड द अनियन्स अँड स्टोअर्ड देम’ म्हणावं.

सगळ्यांत धोका ‘च’चा. ‘जाळीच्या तळाच्या चाळीतच सड कमी झाली’ हे म्हणताना तिला फक्त जोर द्यायचा होता. इंग्रजीत तिथे ‘ओन्ली’ आलं आणि दावाच बदलला: बाकी कुठल्याही पद्धतीत सड कमी होत नाही, असा अर्थ झाला. तिने तपासल्या होत्या दोनच प्रकारच्या चाळी. इथे परीक्षक भाषेवर नाही, संशोधनावर बोट ठेवेल. तो ‘ओन्ली’ काढून तुलना लिहिली: बंद तळाच्या चाळीपेक्षा जाळीच्या तळाच्या चाळीत सड कमी.

मी तिला एक सोपी कसोटी सांगितली. प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि त्याआधीचे शब्द मोजायचे. दहाच्या वर गेले की वाक्य मोडायचं. रेघेखाली ‘डन’, ‘कॅरीड आउट’ असे शब्द आले, तर खरी क्रिया शेजारच्या नामात शोधायची. दुरुस्तीनंतर आकडे, एककं आणि ‘मे’सारखे सावध शब्द मूळ मसुद्याशी पुन्हा ताडून पाहायचे, कारण वाक्य सुटसुटीत करताना तेच आधी गळतात. तिच्या आठ वाक्यांपैकी पाचांत रेघ शेवटाजवळ पडली होती.